‘धन्यवाद’च्या जागी ठराव : शेवटच्या स्लाइडवर काय लिहावे?

महोदय, सप्रेम नमस्कार. आमची ठाण्यात ४८ सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे आणि मी तिची खजिनदार आहे. गेल्या वार्षिक सभेत गच्चीवर सौर प्रकल्प बसवण्याविषयी मी २२ स्लाइड्सचे सादरीकरण केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ‘छान माहिती दिलीत’ असे म्हणाले आणि चहा घेऊन घरी गेले. वर्ष उलटले, काहीही घडले नाही. माझ्या शेवटच्या स्लाइडवर असे होते : ‘प्रकल्पाबाबत सकारात्मक विचार व्हावा. उपसमिती नेमण्यात यावी. सर्वांनी आर्थिक सहकार्य करावे. शंका असल्यास विचाराव्यात. हरित भविष्याकडे एक पाऊल! धन्यवाद.’ आता याच विषयासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवायची आहे. नोटीस अजून काढलेली नाही. २० किलोवॉटच्या प्रकल्पाची तीन कोटेशन्स आली आहेत आणि समितीला दुसरे पसंत आहे : १० लाख ८० हजार रुपये. अनुदानाचे ३ लाख ६० हजार वजा जाता प्रत्येक सदनिकेच्या वाट्याला १५ हजार येतात. सामाईक वीजबिलात दरमहा सुमारे २५ हजारांची बचत होईल असा अंदाज आहे. या वेळी शेवटची स्लाइड कशी लिहू?
— एक खजिनदार, ठाणे

आदरणीय खजिनदार महोदया,

सप्रेम नमस्कार. आपण जुन्या स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा कळवलात, हे फार बरे केले, कारण अडचण त्या मजकुरातच दिसते. त्यातले एकेक वाक्य घेऊन त्याचा कर्ता शोधून पाहा. ‘विचार व्हावा’ यात विचार कोणी करायचा? ‘उपसमिती नेमण्यात यावी’ यात नेमणार कोण आणि कधी? ‘सर्वांनी सहकार्य करावे’ यात कर्ता दिसतो खरा, पण ‘सर्वांनी’ म्हटले की प्रत्येकाला आपण सोडून बाकीचे सर्व आठवतात. अर्जविनंत्यांतून आणि इतिवृत्तांतून आलेली ही भाषा आपल्या सभांमध्ये इतकी रुळलेली आहे की ती सभ्य वाटते, आणि तिच्यात करणारा माणूसच गायब झालेला आहे हे लक्षात येत नाही. ‘करावे’ या रूपात स्वतःत काही वाईट नाही. ज्येष्ठ सभासदांसमोर ‘हात वर करा’पेक्षा ‘हात वर करावा’ हेच शोभते. प्रश्न क्रियापदाच्या नरमपणाचा नसून कोणी, काय आणि केव्हा करायचे हे वाक्यात आहे की नाही याचा आहे.

दुसरी गोष्ट अशी की त्या स्लाइडवर विचार करणे, नेमणूक, पैसे, शंका आणि हरित भविष्य अशा पाच वेगवेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी उभ्या आहेत. माणसासमोर पाच मागण्या ठेवल्या की तो त्यांतली सर्वांत स्वस्त निवडतो. आपल्या सभासदांनी ‘सकारात्मक विचार’ निवडला, तो टाळ्या वाजवून जागच्या जागी पूर्ण केला आणि ते चहाकडे वळले. त्यांच्या दृष्टीने त्यांनी आपले ऐकले होते. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी सात मुद्द्यांच्या समारोपाची स्लाइड दाखवली होती, तेव्हा वरिष्ठांनी शांतपणे विचारले होते, “बरं, मग यातलं आत्ता नेमकं काय करू?” मला उत्तर देता आले नाही, कारण स्लाइड लिहिताना मी तो प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता.

म्हणून स्लाइड उघडण्याआधी ती एक कृती कोणती हे ठरवावे लागेल. त्यासाठी मी प्रत्येक संभाव्य कृतीला दोन कसोट्या लावतो : समोर बसलेल्या माणसांना ती करण्याचा अधिकार आहे का, आणि खोलीबाहेर पडण्यापूर्वी ती पूर्ण होऊ शकते का. आपल्याकडच्या तीन पर्यायांना या कसोट्या लावून पाहू. ‘१५ हजार रुपये भरा’ ही मागणी पहिल्या कसोटीला अर्धवट उतरते आणि दुसरीला मुळीच उतरत नाही, कारण ठरावाशिवाय वर्गणी मागता येत नाही आणि रविवारी सकाळी कोणी धनादेशाचे पुस्तक घेऊन सभेला येत नाही. ‘उपसमिती नेमा’ ही मागणी दोन्ही कसोट्यांना उतरते, आणि नेमकी म्हणूनच धोक्याची आहे. तीन कोटेशन्स हातात असताना आणि समितीची पसंती ठरलेली असताना उपसमिती नेमणे म्हणजे निर्णय आणखी एक वर्ष पुढे ढकलण्याचा सर्वांना पटणारा मार्ग आहे. उरतो ठराव. सर्वसाधारण सभेला तो करण्याचा पूर्ण अधिकार आहे, हात वर केला की तो दोन मिनिटांत होतो, आणि वर्गणी, कंत्राट, महावितरणकडचा अर्ज ही पुढची सगळी कामे त्याच्यामागून आपोआप येतात. कृती निवडताना हा शेवटचा गुण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जी गोष्ट झाली की बाकीच्या गोष्टी वेगळ्या मागाव्या लागत नाहीत, ती मागावी.

येथे नोटिशीचा प्रश्न येतो, आणि आपण ती अजून काढलेली नाही हे फारच चांगले झाले. विशेष सर्वसाधारण सभेत नोटिशीत नमूद केलेल्या विषयावरच निर्णय घेता येतो, आणि आदर्श उपविधींनुसार ही नोटीस सभेच्या आधी पूर्ण ५ दिवस मिळालेली असावी लागते. नोटिशीत ‘सौर प्रकल्पाबाबत चर्चा करणे’ एवढेच छापले, तर आपल्या शेवटच्या स्लाइडवर कितीही नेमके वाक्य असले तरी कोणी तरी उभे राहून ‘आज फक्त चर्चा आहे’ असे म्हणेल, आणि त्याचे म्हणणे बरोबर असेल. म्हणून शेवटच्या स्लाइडचे वाक्य आधी लिहा आणि मग त्याच शब्दांत नोटिशीतला विषय लिहा : ‘२० किलोवॉट क्षमतेच्या सौर प्रकल्पास, त्याच्या खर्चास व सभासदांच्या वाट्यास मंजुरी देणे.’ सभासद सभेला येतानाच मतदानाच्या तयारीने येतील.

नेमकेपणाचा परिणाम किती होतो, याविषयी १९६५ साली प्रसिद्ध झालेला येल विद्यापीठातला एक प्रयोग मला नेहमी आठवतो. हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयी माहितीपत्रके वाचायला दिली. काहींच्या पत्रकात भीती वाटेल असे वर्णन होते, तर काहींच्या पत्रकात सौम्य. लस घ्यायला हवी हे बहुतेकांना पटले आणि जास्त घाबरलेल्यांना ते अधिक पटले, पण प्रत्यक्षात लस घ्यायला गेले ते जेमतेम ३ टक्के. दुसऱ्या काही विद्यार्थ्यांना त्याच मजकुराबरोबर विद्यापीठाचा नकाशा देण्यात आला, त्यावर आरोग्य केंद्र दाखवलेले होते, आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात तिकडे जायला केव्हा जमेल हे पाहायला सांगितले गेले. त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के गेले. गंमत अशी की आरोग्य केंद्र कोठे आहे हे त्या विद्यार्थ्यांना पूर्वीपासून माहीत असणारच. नकाशाने नवी माहिती दिली नाही. ‘घ्यायला हवी’ याचे रूपांतर ‘अमुक वेळी अमुक दाराने आत जायचे’ यात केले. आपल्या २२ स्लाइड्सनी पटवण्याचे काम बहुधा व्यवस्थित केले होते. नकाशा तेवढा राहून गेला होता. अर्थात २८ टक्के म्हणजे सगळे नव्हेत, हेही त्याच प्रयोगातून दिसते. मात्र आपली कृती त्याच खोलीत, त्याच मिनिटाला होणारी आहे, आणि ‘नंतर कधी तरी’ या वाटेत होणारी गळती त्यामुळे मुळातच टळते.

आता वाक्य घडवू. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण असे लिहितात : ‘सौर प्रकल्पाला मंजुरी द्यावी ही नम्र विनंती.’ हे आपल्या जुन्या मजकुरापेक्षा बरे आहे, कारण मागणी एकच आहे. पण मंजुरी कशी द्यायची, आत्ता की विचार करून, कोणत्या प्रकल्पाला, हे त्यात नाही. दुसऱ्या प्रयत्नात माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि कोटेशनचा क्रमांक, क्षमता, किंमत, अनुदान, वाटा, हप्त्याची तारीख असे सारे एकाच वाक्यात कोंबतो. ते वाक्य ठरावात शोभेल. पडद्यावर ते वाचून होईपर्यंत मागच्या रांगेतले गृहस्थ शेजाऱ्याशी बोलू लागलेले असतील. मला सुचलेले रूप असे :

> २० किलोवॉट सौर प्रकल्पाच्या ठरावाला मंजुरी देण्यासाठी सभासदांनी आता हात वर करावा.
>
> प्रत्येक सदनिकेचा वाटा : एकदाच १५,००० रुपये
> सामाईक वीजबिलातील अपेक्षित बचत : सदनिकेमागे दरमहा सुमारे ५२० रुपये

पहिल्या वाक्यात ‘सभासदांनी’ हा कर्ता आहे, ‘आता’ ही वेळ आहे आणि ‘हात वर करावा’ ही डोळ्यांना दिसणारी कृती आहे. हा शेवटचा शब्दप्रयोग मी मुद्दाम निवडला आहे. ‘मंजुरी देणे’ ही मनातली गोष्ट असू शकते आणि मनातल्या मनात दिलेली मंजुरी मोजता येत नाही. शेवटच्या स्लाइडवरचे क्रियापद असे असावे की ते घडले की नाही, हे दारात उभ्या असलेल्या वॉचमनलाही सांगता आले पाहिजे.

खालच्या दोन ओळींविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण कोणता आकडा ठेवायचा याचा मोह तेथे होतो. आपल्याकडे एकूण किंमत आहे, अनुदान आहे, २५ हजारांची बचत आहे, आणि कार्बन उत्सर्जनाचा एखादा आकडाही आपण कोठून तरी काढला असेल. हात वर करण्याच्या क्षणी सभासद मनात एकच हिशेब करत असतो : माझ्या खिशातून किती जाणार आणि त्या बदल्यात काय मिळणार. १० लाख ८० हजार हा आकडा त्या क्षणी फक्त घाबरवतो. म्हणून ७ लाख २० हजार भागिले ४८ हा भागाकार आपणच करून १५ हजार समोर ठेवायचा, आणि बचतीलाही त्याच मापाने मोजायचे, म्हणजे २५ हजार भागिले ४८, सुमारे ५२० रुपये. दोन्ही आकडे ‘एका सदनिकेमागे’ या एकाच एककात आले की सुमारे २९ महिन्यांत खर्च भरून निघतो हा हिशेब सभासद स्वतः करतो, आणि स्वतः केलेल्या हिशेबावर त्याचा जास्त विश्वास बसतो. तो आकडा मी म्हणूनच स्लाइडवर घातलेला नाही. तो तोंडी सांगता येईल.

पण ५२० रुपयांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. ही बचत संस्थेच्या खात्यात होणार आहे, सभासदाच्या खिशात नाही. देखभाल शुल्क कमी होणार नसेल, तर ५२० रुपये हा सभासदाच्या दृष्टीने केवळ कागदावरचा आकडा आहे, आणि प्रत्येक सोसायटीत हे ओळखणारे एक तरी निवृत्त लेखापाल असतातच. म्हणून स्लाइडवर ‘सामाईक वीजबिलातील’ हे शब्द कितीही लांब वाटले तरी गाळू नका, आणि बचत झाल्यावर देखभाल शुल्क कमी करणार की ती रक्कम दुरुस्ती निधीत टाकणार, हे समितीने सभेपूर्वी ठरवून ठेवावे. शुल्क कमी करायचे ठरले, तर तीच ओळ ‘देखभाल शुल्कात कपात’ अशी लिहिता येईल आणि ती कितीतरी अधिक बळकट होईल.

अनुदानाबाबतही तसेच. आपला आकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेतल्या, गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी असलेल्या प्रतिकिलोवॉट १८ हजार रुपये या दराशी जुळतो. पण हे पैसे प्रकल्प कार्यान्वित झाल्यानंतर मिळतात; कंत्राटदाराला मात्र ते आधी द्यावे लागतात. म्हणजे मधल्या काळात ३ लाख ६० हजार रुपये कोठून येणार, हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर शेवटच्या स्लाइडवर नको. ते आधीच्या एका स्लाइडवर आणि ठरावात हवे. शेवटच्या स्लाइडवर शंकानिरसन सुरू झाले की ती शेवटची राहत नाही.

ठरावाचा मसुदा सभेपूर्वी तयार ठेवा आणि नोटिशीसोबत घरोघरी द्या. त्याचा मजकूर साधारण असा असू शकेल : ‘कोटेशन क्रमांक २ नुसार २० किलोवॉट क्षमतेचा सौर प्रकल्प जास्तीत जास्त १० लाख ८० हजार रुपये खर्चात बसवण्यास, प्रत्येक सदनिकेकडून १५ हजार रुपये ३० दिवसांत घेण्यास, आणि अनुदान मिळेपर्यंत ३ लाख ६० हजार रुपये संस्थेच्या ठेवीतून वापरण्यास ही सभा मंजुरी देत आहे, पुढील कार्यवाहीचे अधिकार व्यवस्थापक समितीस देण्यात येत आहेत.’ तारखा, मर्यादा, अधिकार हे सारे सामान येथे ठेवले की स्लाइडला हलके राहता येते. वाटा सारखा घ्यायचा की क्षेत्रफळानुसार, यावर आपल्याकडे वाद होण्याची शक्यता असेल तर तो या मसुद्याच्या निमित्ताने आधीच होऊन जाईल. सूचक आणि अनुमोदक कोण हेही ठरवून ठेवा, आणि ते दोघे त्या दिवशी गावाला गेलेले नसतील याची खात्री करा. आपल्या संस्थेत ४८ सभासद असतील, तर गणपूर्तीसाठी २० जण लागतील, कारण दोन-तृतीयांश किंवा २० यांपैकी जी संख्या कमी ती धरली जाते. ते २० जण चहाच्या वेळी नव्हे, तर ही स्लाइड पडद्यावर असताना खोलीत हवेत.

यावरून क्रमाचा मुद्दा निघतो. आपल्या जुन्या स्लाइडवर ‘शंका असल्यास विचाराव्यात’ हे वाक्य होते, म्हणजे सादरीकरणाचा शेवट आपण शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती दिला होता. तो प्रश्न पार्किंगच्या गळतीविषयी असला, तर लोक पार्किंगची गळती डोक्यात घेऊन उठतात. शंका आधी घ्याव्यात. शेवटून दुसरी स्लाइड संपली की म्हणावे, “आता आपल्या शंका घेऊ; त्यानंतर एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मतदान.” शंका संपल्यावर, किंवा अध्यक्षांनी वेळ संपल्याचे सांगितल्यावर, शेवटची स्लाइड प्रथमच दाखवावी. ती आधी दाखवून ठेवली आणि तिच्यासमोर अर्धा तास चर्चा झाली, तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी होऊन जाते.

पॉवरपॉइंटमध्ये यासाठी थोडी पूर्वतयारी लागते. समजा, शेवटची स्लाइड १४ वी आहे. तिची प्रत करून १५ वी आणि १६ वी स्लाइड हुबेहूब तीच ठेवा. उत्साहात एखादी कळ जास्त दाबली गेली, तर काळ्या पडद्यावर `End of slide show, click to exit.` ही ओळ येते आणि सभा संपली असे वाटून खुर्च्या सरकू लागतात. प्रती असल्या की कोणाला काही कळतही नाही. कोटेशनची तुलना, गच्चीचा नकाशा, अनुदानाचे टप्पे अशा शंकांसाठी लागणाऱ्या स्लाइड्स त्यांच्याही पुढे, १७ पासून ठेवा आणि `Hide Slide` वापरून लपवा. लपवलेली स्लाइड पुढे जाताना दिसत नाही, पण सादरीकरण चालू असताना तिचा क्रमांक टंकून `Enter` दाबले की समोर येते. तसेच `14` आणि `Enter` दाबले की आपण थेट ठरावाच्या स्लाइडवर परतता. हे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपशेजारी ठेवा. शंकांच्या वेळी पडदा कोरा हवा असेल तर `B` दाबा. पुन्हा `B` दाबले की तो उजळतो.

स्लाइडच्या दिसण्याविषयी फार लिहीत नाही. मुख्य वाक्य ४४ पॉइंटच्या आसपास, खालच्या ओळी २८ च्या खाली नकोत, आणि पार्श्वभूमीला सूर्यफुले नकोत. देवनागरीत मात्र ओळींमधले अंतर थोडे वाढवावे लागते, नाही तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. मजकूर युनिकोडमध्येच टंका. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की ‘मंजुरी’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो, आणि हे सर्वांसमोर पहिल्यांदाच कळते.

स्लाइडवर क्यूआर कोड टाकून ऑनलाइन संमती घ्यावी, असे कोणी तरुण सभासद सुचवतील. सुचवण्यात चूक नाही, पण मोजून पाहा. ढोबळ नियम असा आहे की कोडची रुंदी वाचण्याच्या अंतराच्या एक-दशांश असावी. मागची रांग ८ मीटरवर असेल तर कोड ८० सेंटीमीटरचा हवा, आणि १ मीटर ८० सेंटीमीटर रुंदीच्या पडद्यावर स्लाइडची उंचीच जेमतेम १ मीटर असते. म्हणजे स्लाइडवर कोडशिवाय काही राहणारच नाही. शिवाय मोबाइल हातात आला की लोक त्यातच राहतात. लेखी संमती हवीच असेल, तर उपस्थितीच्या नोंदवहीसोबत एक कागद फिरवणे जास्त खात्रीचे.

‘धन्यवाद’ काढून टाकायला मन धजत नाही, हे मी समजू शकतो. आपल्याकडे आभार न मानणे हा उद्धटपणा समजला जातो. पण सभेत आभारप्रदर्शन हा स्वतंत्र विषय असतोच, आणि आभार तोंडाने मानलेलेच चांगले वाटतात. स्लाइडवरची ती जागा, जी सर्वांत जास्त वेळ पडद्यावर राहते, त्यासाठी खर्च करू नये.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी. गच्चीवर सावली पडते, वरच्या मजल्यावरच्यांना गळतीची भीती आहे, किंवा कोटेशनवर कोणाचा संशय आहे, असे मूळ मतभेद शिल्लक असतील तर शेवटची स्लाइड ते मिटवू शकत नाही. ती उलट त्यांना हात वर न करण्याचे निमित्त देते. शंकांच्या अर्ध्या तासात वारे विरुद्ध आहे असे दिसले, तर ठराव रेटून पाडून घेऊ नये. त्यासाठी लपवलेल्या स्लाइड्समध्ये एक लहान मागणी तयार ठेवा, तिचा क्रमांकही चिठ्ठीवर असू द्या : ‘गच्चीची सावली व वॉटरप्रूफिंग तपासणीचा अहवाल घेण्यासाठी आणि त्यानंतरच्या सभेची तारीख आज ठरवण्यासाठी सभासदांनी हात वर करावा.’ तीही एकच कृती आहे, तीही तेथेच पूर्ण होते आणि तिच्यात तारीख आहे. उपसमितीपेक्षा ती हजारपटीने बरी. आणि भाडेकरूही सभेला येऊन बसत असतील, तर मतदानाचा अधिकार सभासदांनाच आहे हे मोजणी सुरू होण्याआधी अध्यक्षांनी सांगावे. स्लाइडवर ‘सभासदांनी’ हा शब्द ठेवण्याचे ते आणखी एक कारण.

सभेच्या दोन-तीन दिवस आधी ही स्लाइड अशा कोणाला तरी दाखवा, ज्यांना प्रकल्पाविषयी काही ठाऊक नाही. शेजारच्या इमारतीतल्या मैत्रिणीला किंवा शाळकरी नातवाला चालेल. दहा सेकंद दाखवून लॅपटॉप मिटवा आणि विचारा, “या लोकांनी काय करायचं आहे?” ‘सोलरबद्दल आहे’ असे उत्तर आले तर वाक्य अजून जमलेले नाही. ‘हात वर करायचा आहे’ असे आले तर जमले.

प्रत्यक्ष सभेत ते वाक्य एकदा, जसे पडद्यावर आहे तसेच, मोठ्याने वाचा आणि थांबा. ही शांतता असह्य वाटते आणि तिच्यात ‘म्हणजे तसं काही बंधन नाही, पण…’ असे काही तरी बोलण्याची फार इच्छा होते. ती आवरा, आणि अध्यक्षांकडे पाहा. पुढचे वाक्य त्यांचे आहे. हात मोजून होईपर्यंत, आणि सचिवांनी अनुकूल-प्रतिकूल मतांचे आकडे, सूचक आणि अनुमोदक यांची नावे वहीत लिहून घेईपर्यंत स्लाइड पडद्यावर तशीच राहू द्या. प्रोजेक्टर त्यानंतर बंद करावा, आणि चहा त्यानंतर आणायला सांगावा.